शंभरातले चार

स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्या बाटलीत साधारण चार टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असते. बाकी जवळजवळ सगळे पाणीच. आम्ल म्हटले की ते पाण्यात विरघळून हायड्रोजनचे आयन सोडते, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. पण या बाटलीतल्या दर दोनशे रेणूंपैकी सुमारे एकच रेणू फुटून आयन झालेला असतो. उरलेले एकशे नव्व्याण्णव अखंड, कसलाही विद्युतभार नसलेले, पाण्यात नुसते तरंगत असतात. म्हणून तर व्हिनेगर कोशिंबिरीवर शिंपडता येते. तेवढ्याच संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल शिंपडायची कोणाची हिंमत होणार नाही.

रसायनशास्त्र अशा आम्लाला सौम्य म्हणते. इथे एक गफलत नेहमी होते. सौम्य म्हणजे पाणी घालून पातळ केलेले नव्हे. त्याला विरल म्हणतात. सौम्यपणा हा आम्लाचा स्वभाव आहे, विरलपणा ही त्या द्रावणाची परिस्थिती. फुटलेल्या रेणूंचे एकूण रेणूंशी जे प्रमाण असते, त्याला विचरणाचे प्रमाण म्हणतात आणि ते ग्रीक α या अक्षराने लिहितात. प्रश्न असा की, अखंड रेणू आणि फुटलेले रेणू एकाच भांड्यात, एकमेकांत मिसळलेले, सतत फुटत आणि पुन्हा जुळत असताना त्यांची शिरगणती करायची कशी?

याचे उत्तर विजेच्या साहाय्याने मिळते. अखंड रेणूवर भार नसल्यामुळे तो वीज वाहत नाही. जे काही वाहते ते आयनांमुळे. द्रावणातून वीज किती सहज जाते हे मोजले, तर मोजणी फक्त फुटलेल्यांची होते आणि न फुटलेले आपोआप वगळले जातात.

ही कल्पना स्वांते आऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाची. १८८४ साली उप्साला विद्यापीठात त्याने सादर केलेला प्रबंध परीक्षकांना फारसा रुचला नाही आणि त्याला खालची श्रेणी मिळाली. त्याने प्रबंधाच्या प्रती युरोपातल्या काही शास्त्रज्ञांना धाडल्या. त्यातली एक रिगामध्ये विल्हेल्म ओस्टवाल्डच्या हाती पडली. ओस्टवाल्ड तेव्हा वेगवेगळी आम्ले रासायनिक क्रिया किती वेगाने घडवतात याचा अभ्यास करत होता. वेगाप्रमाणे लावलेला आम्लांचा क्रम आणि वीज वाहण्याप्रमाणे लावलेला क्रम एकच निघतो, हे त्याच्या लक्षात आले आणि तो त्या तरुणाला भेटायला थेट उप्सालाला गेला. १९०३ साली आऱ्हेनियसला आणि १९०९ साली ओस्टवाल्डला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. परीक्षकांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

पण कल्पना सुचणे वेगळे आणि आकडा हाती येणे वेगळे. त्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरू शकतो. त्या तिन्ही बी.एस्सी.च्या कोणत्याही प्रयोगशाळेत चढता येतात, तेव्हा तिथलेच उदाहरण घेऊ: तापमान २५ अंश सेल्सिअस, आणि लिटरमागे ०.०१ मोल, म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम, अ‍ॅसेटिक आम्ल असलेले द्रावण.

पहिली पायरी सेलची. काचेच्या नळीत प्लॅटिनमच्या दोन छोट्या पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात. त्यांच्यावर प्लॅटिनमच्याच बारीक काळ्या भुकटीचा थर असतो, त्यामुळे पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. हा सेल द्रावणात बुडवला की वाहकतामापी एक आकडा दाखवतो. तो आकडा वाहकतेचा, म्हणजे रोधाच्या व्यस्ताचा. त्याचे एकक सीमेन्स. पूर्वी ‘ओह्म’ची अक्षरे उलटी करून त्याला ‘म्हो’ म्हणत, आणि जुन्या प्राध्यापकांच्या तोंडी अजून तेच बसलेले आहे.

मापी उलटसुलट वाहणारा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह वापरतो. बॅटरीतला एकदिश प्रवाह सोडला, तर पट्ट्यांवर वायू जमू लागतो, आयन तिथे साचतात आणि रोध क्षणाक्षणाला बदलत जातो. ही अडचण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउशने एकोणिसाव्या शतकात प्रत्यावर्ती प्रवाह वापरून सोडवली. प्रवाह शून्य झाला की नाही हे कळण्यासाठी त्याने तेव्हा नवीनच निघालेला टेलिफोन वापरला. रिसीव्हर कानाला लावायचा आणि गुणगुण सर्वांत मंद होईल तिथे वाचन घ्यायचे.

मापीवरचा आकडा मात्र द्रावणाचा एकट्याचा नसतो. पट्ट्या मोठ्या असल्या तर वीज जास्त जाते, त्या लांब बसवल्या तर कमी जाते. दोन प्रयोगशाळांमधले तेच द्रावण म्हणूनच वेगळे आकडे देते. सेलच्या घडणीचा हा वाटा वेगळा काढण्यासाठी एक गुणक लागतो, त्याला सगळे सेल कॉन्स्टंटच म्हणतात. पट्ट्यांमधले अंतर भागिले पट्टीचे क्षेत्रफळ अशी त्याची व्याख्या आहे. पण पट्टीने मापून तो कोणी काढत नाही, कारण वीज पट्ट्यांच्या मधूनच सरळ जाते असे नाही. ती कडांच्या बाहेरूनही वळसा घालून जाते.

त्याऐवजी वाहकता आधीच बिनचूक माहीत असलेले द्रावण सेलमध्ये घालतात. लिटरमागे ०.०१ मोल, म्हणजे ०.७४५ ग्रॅम, वाळवलेले पोटॅशियम क्लोराइड असले, तर २५ अंशांना त्याची विशिष्ट वाहकता सेंटिमीटरला १४१३ मायक्रोसीमेन्स असते. समजा, उदाहरणातल्या सेलने या द्रावणाचा रोध ७३० ओह्म दाखवला. ७३० ला ०.००१४१३ ने गुणले की सेल कॉन्स्टंट निघतो: १.०३१५, एकक ‘प्रति सेंटिमीटर’.

आता सेल धुऊन त्यात अ‍ॅसेटिक आम्ल घातले. वाचन आले १५७.५ मायक्रोसीमेन्स. त्याला १.०३१५ ने गुणले की विशिष्ट वाहकता मिळते, १६२.५. तेवढ्याच संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल चार हजारांच्या वर जाते. म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल त्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतकीही वीज वाहत नाही.

दुसरी पायरी सोपी. देशाचे एकूण उत्पन्न लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न निघते, तसेच इथे. एकूण वाहकता आम्लाच्या मोलसंख्येने भागली की दरडोई वाहकता, म्हणजे मोलर वाहकता मिळते. वरच्या आकड्यांवरून ती येते १६.२५. (एकक आहे सीमेन्स-चौरस सेंटिमीटर प्रति मोल. पुढे ते गृहीत धरू.) या दरडोई हिशेबात फुटलेले आणि न फुटलेले असे दोन्ही रेणू मोजलेले आहेत, कमाई मात्र फक्त फुटलेल्यांची आहे.

मग शंभरच्या शंभर रेणू कामाला लागले असते, तर दरडोई आकडा किती झाला असता? तो कळला की गणित संपले, कारण आजची कमाई भागिले पूर्ण रोजगारातली कमाई म्हणजेच विचरणाचे प्रमाण. ही तिसरी पायरी, आणि खरी कसोटी इथेच लागते. सौम्य आम्ल कधीच पूर्णपणे फुटत नाही, त्यामुळे पूर्ण रोजगाराचा आकडा थेट मोजून मिळतच नाही.

मीठ किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या बाबतीत एक युक्ती चालते. द्रावण अधिकाधिक विरल करत जायचे, दरडोई वाहकता संहतीच्या वर्गमुळासमोर आलेखावर मांडायची, आणि ती जवळजवळ सरळ रेषा शून्य संहतीपर्यंत वाढवायची. तिथे जो आकडा मिळतो ती मर्यादी मोलर वाहकता. अ‍ॅसेटिक आम्लाचा आलेख मात्र अगदी शेवटपर्यंत रेंगाळत येतो आणि शून्याजवळ एकदम कड्यासारखा उभा चढतो. शून्याजवळच्या त्या टोकावर मोजलेला एकही भरवशाचा बिंदू नसतो, म्हणून रेषा कुठे वाढवायची तेच कळत नाही.

यातूनही कोलराउशनेच वाट काढली. १८७५–७६च्या सुमारास त्याला दिसले की पुरेशा विरल द्रावणात प्रत्येक आयन आपापला वाटा स्वतंत्रपणे उचलतो. सोबतीला कोण आहे याने फरक पडत नाही. सोडियम क्लोराइडसोबत असो की अ‍ॅसिटेटसोबत, त्याचा वाटा तोच. मग अ‍ॅसेटिक आम्लाचा आकडा दुसऱ्यांकडून काढून घेता येतो. तान्हे बाळ वजनकाट्यावर धड थांबत नाही, तेव्हा आई त्याला कडेवर घेऊन उभी राहते आणि मागून तिचे एकटीचे वजन वजा करतात. हा हिशेब त्याच जातीचा आहे.

हायड्रोक्लोरिक आम्लाचा मर्यादी आकडा ४२६.२. सोडियम अ‍ॅसिटेटचा ९१.०. दोन्ही मिळून ५१७.२. यात हवे असलेले हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट आहेत, आणि नको असलेले सोडियम आणि क्लोराइडही आहेत. नको असलेली जोडी म्हणजे साधे मीठ, त्याचा आकडा १२६.५. वजा केले की उरतात ३९०.७. हे तिन्ही पदार्थ पाण्यात पूर्ण फुटतात, त्यामुळे त्यांच्या सरळ रेषा भरवशाने वाढवता येतात.

या ३९०.७ पैकी सुमारे ३५० एकट्या हायड्रोजन आयनाचे आणि जेमतेम ४१ अ‍ॅसिटेटचे आहेत. हायड्रोजन आयन एवढा चपळ कसा? खरे तर तो स्वतः फारसा धावतच नाही. स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात. घमेले वरच्या मजल्यावर पोहोचते, पण माणूस जागचा हलत नाही. पाण्याचे रेणूही तसेच करतात: एका बाजूने हायड्रोजन घेतात आणि दुसऱ्या बाजूने दुसराच पुढे सोडतात. अ‍ॅसिटेटला मात्र डोक्यावर ओझे घेऊन गर्दीतून स्वतः वाट काढावी लागते.

आता शेवटचा भागाकार: १६.२५ भागिले ३९०.७, उत्तर ०.०४१६. या द्रावणात शंभर रेणूंपैकी चार फुटलेले आहेत, शहाण्णव अखंड आहेत.

हे उत्तर बरोबर आहे का, हे तपासायचा मार्ग ओस्टवाल्डने १८८८ साली दाखवला. द्रावण विरल केले की विचरणाचे प्रमाण वाढते, पण संहती, विचरणाचे प्रमाण आणि न फुटलेल्यांचे प्रमाण यांना जोडणारी एक राशी तीच राहते. सूत्र एवढेच: K = cα² / (1 − α). आपल्या द्रावणासाठी ती येते १.८० × १०⁻⁵. पुढे सोयीसाठी फक्त पुढचा आकडा बघू: १.८०.

बहुतेक प्रयोगवह्या इथे संपतात. पण मान्य उत्तर १.७५ आहे. तीन टक्क्यांचा हा फरक कुठून आला? हातून चूक झाली असेल असे विद्यार्थी समजतो आणि पुढे जातो. इथे मात्र चूक हातून झालेली नाही, ती पद्धतीतच आहे आणि तिची गोष्ट मजेशीर आहे.

आपण धरून चाललो की फुटलेला प्रत्येक आयन जणू एकटाच असल्यासारखा, पूर्ण वेगाने जातो. प्रत्यक्षात त्याच्याभोवती विरुद्ध भाराच्या आयनांची थोडी गर्दी असते. ती त्याला मागे ओढते. लार्स ओन्सागरने १९२०च्या दशकात या ओढीचे गणित मांडले. त्यानुसार या द्रावणातल्या आयनांची दरडोई क्षमता ३९०.७ नसून सुमारे ३८७.६ असते. प्रत्येक जण थोडा कमी कमावतो, म्हणजे तेवढ्या कमाईसाठी माणसे जास्त असली पाहिजेत. विचरणाचे प्रमाण ४.१६ वरून ४.१९ टक्क्यांवर जाते आणि १.८०चे होतात १.८३. दुरुस्ती केली आणि उत्तर खऱ्यापासून आणखी लांब गेले!

अर्धीच दुरुस्ती केल्याचा हा परिणाम. भोवतालच्या त्याच गर्दीमुळे आयनांचा रासायनिक जोरही कमी झालेला असतो. समतोलाच्या सूत्रात त्यांची नुसती संख्या घालून भागत नाही, तो घटलेला जोर धरावा लागतो. डेबाय आणि ह्यूकेल यांच्या १९२३च्या सिद्धांताप्रमाणे या द्रावणात दोन्ही आयनांचा मिळून जोर सुमारे ९५ टक्के उरतो. १.८३ला त्याने गुणले की उत्तर येते १.७५. म्हणजे साधी पद्धत इतकी चांगली चालते याचे एक कारण तिच्यातल्या दोन त्रुटी विरुद्ध दिशांना ओढतात हे आहे. पाठ्यपुस्तके यातले फार थोडे सांगतात, आणि दोघांपैकी एकच दुरुस्ती सांगणारे पुस्तक विद्यार्थ्याला जास्त गोंधळात टाकते.

म्हणूनच ही पद्धत सौम्य आम्लांनाच लावायची. साध्या मिठाच्या ०.१ मोलर द्रावणात तोच भागाकार केला, तर ८४ टक्के उत्तर येते. मिठाचे सोळा टक्के न फुटता राहतात असा त्याचा अर्थ आऱ्हेनियसच्या काळात घेतला गेला. तो चुकीचा होता. मीठ पूर्ण फुटलेलेच असते; कमी झालेला असतो आयनांचा वेग.

आता हातून खरोखर होणाऱ्या चुका. इथे एक गोष्ट मुळातच त्रासदायक आहे: K मध्ये विचरणाचे प्रमाण वर्गात येते, म्हणून वाहकतेतली एक टक्क्याची चूक तिथे दोन टक्क्यांची होते.

सर्वांत मोठा चोर तापमान. पोटॅशियम क्लोराइडच्या त्याच द्रावणाची वाहकता २५ अंशांना १४१३ आणि ३० अंशांना १५५२ असते. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेमध्ये, पाण्याच्या स्थिर तापमानाच्या पात्राशिवाय प्रयोग करून तक्त्यातून २५ अंशांचाच आकडा उचलला, तर सेल कॉन्स्टंट दहा टक्क्यांनी चुकतो. मापीतले आपोआप तापमान सुधारणारे बटण यावर उपाय वाटते, पण ते सहसा अंशामागे दोन टक्के असा ठरावीक दर धरते. आम्लात मुख्य वाहक हायड्रोजन आयन, आणि त्याची चाल तापमानाबरोबर इतरांपेक्षा हळू वाढते. तेव्हा ते बटण बंद ठेवून दोन्ही द्रावणे एकाच पाण्यात बुडवून ठेवलेली बरी.

दुसरी चूक सेल नीट न धुण्याची. पोटॅशियम क्लोराइडचा एक थेंब सेलला चिकटून ५० मिलिलिटर आम्लात गेला, तर वाहकता सव्वा-दीड मायक्रोसीमेन्सने वाढते. आपल्या १६२ मध्ये ते एक टक्का. पण आम्ल दहापट विरल केले की त्याची स्वतःचीच वाहकता ४९च्या आसपास असते, आणि तिथे K १.७८ ऐवजी १.९० येतो. यावरूनच चूक ओळखता येते. स्वच्छ प्रयोगात आम्ल विरल करत गेल्यावर साध्या हिशेबाचा K किंचित उतरत १.७६कडे जातो. तो चढू लागला, तर सेलमध्ये किंवा पाण्यात काहीतरी आहे.

तिसरी चूक तर काळजीपूर्वक काम करणाराच करतो. उघड्यावर ठेवलेले ऊर्ध्वपातित पाणीही सुमारे एक मायक्रोसीमेन्स दाखवते, म्हणून तो ते वाचन प्रामाणिकपणे वजा करतो. पण हे वाचन असते बहुतेक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बनलेल्या कार्बोनिक आम्लाचे, आणि ते अ‍ॅसेटिक आम्लाहूनही कितीतरी सौम्य. अ‍ॅसेटिक आम्ल घातले की त्याच्या हायड्रोजन आयनांच्या दबावाखाली कार्बोनिक आम्लाचे फुटणे जवळजवळ थांबते. जे आता उरलेलेच नाही, ते वजा करायचे कशाला? आपल्या ०.०१ मोलर द्रावणात या वजाबाकीने फारसे बिघडत नाही. शंभरपट विरल द्रावणात मात्र एकूण वाहकताच १३ मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते, आणि तिथे एक वजा केला की K १.७७वरून घसरून १.४६च्या आसपास येतो. पाण्यात नायट्रोजन सोडून बघावे: वाचन उतरले तर दोष कार्बन डायऑक्साइडचा, नाही उतरले तर क्षारांचा. क्षारांचा हिस्सा वजा करणे योग्यच.

हे सगळे सांभाळून केलेले काम कसे दिसते, हे बघायचे तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या डंकन मॅकइनेस आणि थिओडोर शेडलोव्स्की यांचा १९३२चा शोधनिबंध बघावा. त्यांनी अ‍ॅसेटिक आम्लाची वाहकता हजारो पटींच्या संहतीच्या पट्ट्यात मोजली, दोन्ही दुरुस्त्या लावल्या, आणि K काढला १.७५३. आजही संदर्भग्रंथांमध्ये दिसणारा आकडा त्याच्या अगदी जवळचा आहे.

त्यांच्या सर्वांत विरल द्रावणात लिटरमागे फक्त ०.०००२८ मोलचा दहावा भाग आम्ल होते. मोलर वाहकता आली २१०.४. तिला ३९०.७ने भागले की मिळतात ५४ टक्के. एक मिलिलिटर व्हिनेगर सुमारे २४ लिटर शुद्ध पाण्यात मिसळले की जवळपास हेच द्रावण होते: बाटलीत दोनशेपैकी एकच रेणू फोडणारे आम्ल या पाण्यात निम्म्याहून अधिक फुटलेले असते.